शिक्रा की बेसरा? फोटो पाच आहेत, पण गळ्याच्या रेघेने गोंधळ घातलाय

केतकी_पान

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरमधला पक्षी आहे. डोंगर उतरून झाडी विरळ होते तिथे ओढ्याकाठच्या वाळक्या फांदीवर बसला होता. संध्याकाळचे साडेपाच, ऊन त्याच्या पाठीमागून. पाच फोटो जोडतेय.

फोटो १: समोरून, मान खाली घालून बघतोय.
फोटो २: डाव्या कुशीवरून, मान सरळ.
फोटो ३: मागून, पाठ आणि शेपटी.
फोटो ४: उडाला तेव्हाचा, हललेला.
फोटो ५: फोटो २ मधलाच पायाचा भाग मोठा करून.

वरून तपकिरी, छातीवर तपकिरी थेंबांसारखे ठिपके, डोळा पिवळा. म्हणजे जुवेनाईल असणार एवढं मला कळतंय. पहिल्या फोटोत हनुवटीपासून खाली आलेली उभी काळपट रेघ खूप जाड दिसते, म्हणून मी नोंदीत "बेसरा" लिहून टाकलं. दोन दिवसांनी दुसरा फोटो नीट पाहिला तर तीच रेघ बारीक! तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही. चुकीची नोंद तशीच राहावी असं मला वाटत नाही, आणि घाईने शिक्रा करून पुन्हा चुकावं असंही वाटत नाही. कृपया फोटोत काय दिसतंय ते सांगून मत द्या, नुसतं नाव नको.

घाटवेडा

पहिला फोटो बघताक्षणी बेसरा! शिक्र्याची गळ्याची रेघ दोऱ्यासारखी असते, बेसऱ्याची ठसठशीत. शिवाय जागा बघा, डोंगर आणि झाडी. शिक्रा हा मोकळ्या रानातला, शेताबांधावरचा, वस्तीजवळचा पक्षी. बेसरा जंगलातला. मी असे दोन-तीन बेसरे टिपले आहेत, सगळ्यांची रेघ अशीच होती. नोंद बदलू नका.

ओंजळ

हा पावशा नाही ना? पावशाच्या पिल्लालाही छातीवर असेच ठिपके असतात, आणि लांबून तो हुबेहूब शिक्र्यासारखा दिसतो. मी एकदा पूर्ण फसले आहे.

अण्णा४७

फोटो ४ हलला आहे. उडणाऱ्या पक्ष्यासाठी शटर निदान १/२००० ठेवा, संध्याकाळी आयएसओ वाढवायला कचरू नका. ऊन पाठीमागून असेल तर एक्स्पोजर थोडं वर घ्या, म्हणजे छाती काळी पडणार नाही. पक्षी मात्र सुंदर आहे.

केतकी_पान

अण्णा, पुढच्या वेळी नक्की लक्षात ठेवीन. सध्या मला नावाचीच काळजी आहे.

ओंजळ, पावशाचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. तो कसा बाद करायचा?

दुर्बीण

पावशापासूनच सुरुवात करू, कारण तो सर्वांत सोपा आहे आणि ओंजळ यांनी काढलेली शंका रास्तच आहे.

फोटो ५ बघा. फांदीवर तीन बोटं पुढे आहेत आणि एक मागे, त्याला जाड वाकडी नखी. पावशा कोकिळेच्या घरातला, त्याची दोन बोटं पुढे आणि दोन मागे. दुसरी खूण चोचीच्या मुळाशी: फोटो २ मध्ये तिथे पिवळी, मेणासारखी उघडी कातडी दिसते आणि चोच मुळापासूनच खाली वळते. पावशाची चोच सरळ निघून टोकाशी किंचित वाकते आणि त्याच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं. इथे फक्त बुबुळ पिवळं आहे. पावशा गेला.

आता गळ्याची रेघ. घाटवेडा म्हणतात ते निम्मं खरं आहे. बेसऱ्याची रेघ जाड असते, यात वाद नाही. पण त्यावरून "जाड दिसली म्हणजे बेसरा" असं ठरत नाही. ही रेघ काही रंगवलेली पट्टी नाही. गळ्याच्या मधोमध असलेल्या काळपट मधल्या भागाच्या पिसांची ती ओळ. मान खाली घातली की गळ्याची कातडी गोळा होते, पिसं एकमेकांवर चढतात आणि रेघ जाड होते. मान ताणली, किंवा नुकतंच खाल्लं असेल आणि गळ्याखालची पिशवी फुगली असेल, तर पिसं एकमेकांपासून दूर होतात आणि तीच रेघ बारीक होते. त्यात इथे ऊन मागून आहे, म्हणजे हनुवटीखाली सावली. सावली आणि रेघ एकत्र मिसळून पहिल्या फोटोत जाडी वाढलेली दिसते.

केतकीताई, एक करून बघा. दोन्ही फोटोंत रेघेची रुंदी त्याच फोटोतल्या डोळ्याच्या व्यासाशी ताडून बघा. फोटो मोठा-लहान केला तरी ते प्रमाण बदलत नाही. आणि मूळ फाइलवर मोजा, शार्पन केलेल्या प्रतीवर नको. शार्पन केलं की काळ्या रेघेची कड आणखी काळी होते आणि रेघ फुगते.

केतकी_पान

मोजलं, काका. मूळ फाइलवर, गळ्याच्या मध्यावर.

फोटो १: डोळ्याच्या व्यासाच्या साधारण दोन-तृतीयांश.
फोटो २: जेमतेम एक-तृतीयांश, खालच्या बाजूला तर रेघ तुटक होते.

दोन फोटोंमध्ये फक्त चार सेकंदांचं अंतर आहे. पक्षी तोच, फांदी तीच. आणि हो, मी इथे चढवलेला फोटो १ शार्पन केलेला होता. मूळ चढवून बदलते.

सुप्रिया_म

माझंही असंच अडलंय म्हणून इथेच विचारते. फुलपाखरू आहे, केशरी, पंखांची टोकं काळी आणि त्यात पांढरे ठिपके. मला बिबळ्या कडवा वाटला, पण कोणीतरी म्हणालं की छोट्या चांदव्याची मादी त्याची नक्कल करते. मागच्या पंखाचा फोटो आहे, पंख उघडे आहेत. कसं ओळखू?

ओंजळ

सुप्रिया, मागच्या पंखाच्या मधल्या भागात तीन-चार काळे ठिपके दिसतात का बघ. बिबळ्या कडव्याला ते असतात. चांदव्याच्या मादीचा तो मधला भाग साफ केशरी असतो, फार तर वरच्या कडेला एक ठिपका. फोटो जोडून वेगळा धागा काढ, म्हणजे सगळ्यांना सापडेल.

सुप्रिया_म

मधे तीन आहेत! म्हणजे बिबळ्या कडवाच. धन्यवाद, तरी धागा काढतेच.

घाटवेडा

दुर्बीणकाका, तुमचं मानेचं म्हणणं पटतंय. पण मग रेघ सोडून दिली तर उरतं काय? डोळा दोघांचाही पिवळा. छातीचे ठिपके दोघांच्याही पिल्लांना. आकारही सांगता येत नाही, कारण शिक्र्याची मादी मोठी आणि बेसऱ्याचा नर लहान, दोघं जवळजवळ सारखेच भरतात. जुवेनाईल असेल तर जागा आणि अधिवास यांवरूनच ठरवावं लागतं ना?

दुर्बीण

तुम्ही जे बाद केलंत ते अगदी बरोबर बाद केलंत. डोळा, ठिपके, आकार, तिन्ही इथे उपयोगाचे नाहीत. पण अधिवास त्याहून कच्चा आहे. बेसरा दाट झाडीत राहतो हे खरं, शिक्रा झाडीच्या कडेला येत नाही हे खरं नाही. ओढ्याकाठी, झाडी संपते तिथे, शिक्रा अगदी नेहमी असतो. शिवाय हिवाळ्यात कोवळे पक्षी आईबापांच्या हद्दीतून बाहेर पडून भटकतात. जागेवरून एवढंच म्हणता येईल की दोघंही शक्य आहेत.

उरतात दोन गोष्टी, आणि दोन्ही तुमच्या फोटोंत आहेत हे नशीब.

पहिली, शेपटी. फोटो ३ मध्ये शेपटी मिटलेली आहे आणि आपण तिच्याकडे वरून बघतोय. हे फार महत्त्वाचं आहे. शेपटी मिटली की मधली दोन पिसं सगळ्यांच्या वर येतात आणि कडेची पिसं खाली जातात. वरून बघितलं तर मधली पिसं दिसतात, खालून बघितलं तर अगदी कडेची. आणि या पक्ष्यांच्या कडेच्या पिसावर आडवे पट्टे जास्त आणि बारीक असतात, मग तो शिक्रा असो की बेसरा. खालून काढलेल्या फोटोत बेसऱ्याचीही शेपटी बारीक पट्ट्यांची दिसते. लोक पुस्तकातलं "रुंद पट्टे म्हणजे बेसरा" हे वाक्य लक्षात ठेवतात, पण आपण कोणत्या पिसावर मोजतोय हे बघत नाहीत.

तर वरून, मधल्या पिसांवर बघायचं. बेसऱ्याचे काळे पट्टे रुंद असतात, मधल्या फिकट जागेच्या जवळपास बरोबरीचे. जुवेनाईल शिक्र्याचे काळे पट्टे अरुंद, मधली फिकट जागा मोठी. फोटो ३ वर मोजता का?

दुसरी गोष्ट पंखांच्या टोकांची. त्यासाठी फोटो २. पंख मिटलेला असताना दुय्यम पिसांच्या पुढे पंखाचं टोक किती बाहेर आलंय ते बघायचं. शिक्र्याचं चांगलं लांब बाहेर येतं. बेसऱ्याचं आखूड, दुय्यम पिसांच्या टोकांपासून जेमतेम थोडं पुढे. पंख बोथट दिसतो.

केतकी_पान

फोटो ३, शेपटीच्या मधल्या पिसांवर, मूळ फाइलमध्ये पिक्सेलने मोजलं. काळे पट्टे चौदा, पंधरा, सोळा असे. मधली फिकट जागा एकोणतीस ते तेहतीस. म्हणजे काळा पट्टा फिकट जागेच्या निम्माच. टोकाजवळचा शेवटचा काळा पट्टा जरा रुंद आहे, अठरा.

पंखाचं टोक: दुय्यम पिसांची टोकं फोटो २ मध्ये नीट दिसतात, कडेला फिकट किनार आहे. तिथून पंखाचं टोक बरंच पुढे गेलंय, शेपटीच्या अर्ध्याच्या जवळ पोचतंय. याला "लांब" म्हणायचं का?

दुर्बीण

होय, याला लांब म्हणायचं. शेवटचा पट्टा जरा रुंद असणं दोघांतही चालतं, तो मोजणीत धरू नका.

माझं मत: शिक्रा, जुवेनाईल. शेपटी आणि पंखाचं टोक या दोन वेगळ्या खुणा एकाच बाजूला बोट दाखवतात. गळ्याच्या रेघेचं बेसऱ्याकडचं बोट आपण दुसऱ्या फोटोने मागे घेतलं.

तळ्याकाठी

मी जरा उशिरा आले. शेपटीबद्दल सहमत, पण पायाकडे कोणी बघितलंच नाही याचं नवल वाटलं. फोटो ५ मध्ये मधलं बोट बाजूच्या बोटांपेक्षा पुष्कळ लांब दिसतंय. बेसऱ्याचे पाय काडीसारखे बारीक आणि मधलं बोट लक्षात येण्याइतकं लांब, उडत्या पाखरांना धरायला. शिक्र्याचे पाय त्यामानाने जाड, बोटं आखूड. मी हे बोट बघून एवढ्या सहज शिक्रा म्हणणार नाही. माझ्या दृष्टीने ही खूण शेपटीइतकीच वजनाची आहे.

दुर्बीण

तुमचा मुद्दा वजनाचा आहे, तळ्याकाठी. मी पाय बघितला होता, पण लिहिला नाही. लिहायला हवा होता.

माझी अडचण अशी की फोटो ५ मधला पाय फांदीला कवटाळून आहे. मधलं बोट कॅमेऱ्याकडे येतंय, बाजूची दोन्ही फांदीवरून पलीकडे वळली आहेत आणि त्यांची टोकं दिसतच नाहीत. जे बोट पूर्ण दिसतं त्याची तुलना आपण अर्ध्या दिसणाऱ्या बोटांशी करतोय. सपाट जागेवर उभा पक्षी असता तर मी तुमच्या बाजूने आलो असतो. नळीची जाडी मात्र मला शिक्र्यासारखी वाटते.

तळ्याकाठी

बाजूच्या बोटांची टोकं दिसत नाहीत हे खरं. पुन्हा मोठं करून बघितलं. आतल्या बोटाची नखी सालीआड गेली आहे. पण तरी मधलं बोट मला लांबच वाटतं, आणि नळीची जाडी या उजेडात ठरवता येते असं मला वाटत नाही. पायावरची पिसं फुगली की नळी आखूड आणि जाड दिसते, दबली की लांब आणि बारीक.

मी "बहुतेक शिक्रा" इथे थांबते. तुमच्याइतकं नक्की म्हणणार नाही.

घाटवेडा

आणि स्पॅरोहॉक? हिवाळ्यात युरेशियन स्पॅरोहॉक येतात की. फोटो ४ मध्ये उडताना पंखाची बोटं मोजली, पाच आहेत. स्पॅरोहॉकला सहा असतात, शिक्रा आणि बेसरा दोघांना पाच. म्हणजे स्पॅरोहॉक नक्की नाही, बरोबर?

दुर्बीण

आकडे बरोबर आहेत: स्पॅरोहॉक सहा, शिक्रा आणि बेसरा पाच. निष्कर्षाकडे जाताना मात्र जरा थांबा. हा पक्षी झेप घेतोय, पंख पूर्ण पसरलेला नाही आणि फोटो हललेला. अशा फोटोत सहावं, सगळ्यांत आखूड बोट शेजारच्या पिसाला चिकटून दिसेनासं होऊ शकतं. सहा मोजली असती तर मी लगेच मानलं असतं, कारण नसलेलं बोट फोटोत उगवत नाही. पाच दिसली याचा अर्थ निदान पाच आहेत, एवढाच.

स्पॅरोहॉक बाद होतो तो छातीमुळे. त्याच्या जुवेनाईलच्या छातीवर आडवे पट्टे असतात, थोडे वेडेवाकडे आणि तुटक, पण आडवे. इथे उभे थेंब आहेत. शिवाय स्पॅरोहॉकच्या गळ्यावर मधली एकटी रेघ नसते, बारीक रेघोट्या विखुरलेल्या असतात. रेघ जाड की बारीक हा वाद आपण घालतोय, म्हणजे रेघ आहे हे तर दोन्ही फोटो सांगतात.

घाटवेडा

हे पटलं. मग मला माझे जुने "बेसरे" पुन्हा बघायला हवेत. दोघांचे फोटो समोरूनच आहेत. एकाच्या शेपटीचा फोटो आहे, तोही खालून. म्हणजे ज्या रेघेवर मी ते ठरवले, ती रेघ सोडली तर माझ्या हातात काहीच राहत नाही. ती नोंद तशीच ठेवणं बरोबर वाटत नाही आता.

तळ्याकाठी

त्या शिक्रा करू नका मात्र. पुरावा कमी आहे म्हणून नेहमीच्या पक्ष्याचं नाव देणं हीसुद्धा चूकच, फक्त ती कोणाच्या लक्षात येत नाही. शिक्रा सगळीकडे भेटतो, म्हणून बेसरा म्हणायला जास्त पुरावा मागावा, इथवर ठीक. पण "जास्त असतो म्हणून शिक्रा" ही काही ओळख नाही. ज्यात ठरत नाही त्या "शिक्रा किंवा बेसरा" म्हणून राहू द्या.

ओंजळ

पण नोंदवायचं कसं? मी अशा वेळी iNaturalist वर वरच्या गटाचं नाव देते आणि टिपणीत दोन्ही जाती लिहिते. पूर्वी जीनस `Accipiter` लिहिलं की शिक्रा, बेसरा, स्पॅरोहॉक सगळे त्यात यायचे. अजूनही तेच चालतं का?

दुर्बीण

नाही, आणि बरं झालं विचारलंत. 2024 मध्ये पक्ष्यांच्या याद्यांनी तो जुना मोठा जीनस फोडला. शिक्रा आणि बेसरा आता `Tachyspiza` मध्ये गेले, युरेशियन स्पॅरोहॉक `Accipiter` मध्येच राहिला. तेव्हा शंका फक्त शिक्रा आणि बेसरा यांच्यात असेल तर `Tachyspiza` पुरे. स्पॅरोहॉकही बाद झाला नसेल तर त्याच्या वरच्या पातळीवर जावं लागेल. जुन्या सवयीने `Accipiter` लिहिलं तर ज्या दोघांबद्दल शंका आहे नेमके तेच दोघं बाहेर राहतात.

टिपणीत फक्त "ओळख नक्की नाही" लिहू नका. कशामुळे नक्की नाही ते लिहा. "शेपटी फक्त खालून दिसते, पंखाचं टोक पानाआड" असं लिहिलं की दोन वर्षांनी येणाऱ्या माणसाला कुठे बघायचं ते कळतं.

केतकी_पान

आवाजाचं विचारायचं राहिलं. पक्षी उडाल्यावर झाडीतून दोन सुरांची शिटी दोनदा ऐकू आली, टि-टुई अशी. शिक्र्याचा आवाज असाच असतो ना? तो पुरावा म्हणून धरू का?

तळ्याकाठी

शिक्रा तसाच ओरडतो. पण तू त्याला ओरडताना बघितलंस का? कोतवाल शिक्र्याच्या आवाजाची नक्कल करतो आणि फार छान करतो. चोच उघडताना दिसली नसेल तर टिपणीत "जवळून आवाज आला, पक्षी दिसला नाही" एवढंच लिही.

केतकी_पान

नाही, दिसला नाही. आणि ओढ्याच्या पलीकडे कोतवाल होते, हे मी स्वतःच त्या दिवशीच्या यादीत लिहिलंय. तसंच लिहिते.

नोंद अशी बदलली आहे, वाचून सांगा:

"जुवेनाईल शिक्रा, बहुतेक. शेपटीवर वरून, मधल्या पिसांवर काळे पट्टे फिकट जागेच्या निम्मे (फोटो ३). पंखाचं टोक दुय्यम पिसांच्या बरंच पुढे (फोटो २). गळ्याची रेघ फोटो १ मध्ये जाड, पण मान खाली आणि सावली. फोटो २ मध्ये बारीक. छातीवर उभे थेंब, म्हणून स्पॅरोहॉक नाही. मधलं बोट लांब वाटतं, बाजूच्या बोटांची टोकं दिसत नाहीत (फोटो ५), त्यामुळे बेसरा पूर्ण बाद झालेला नाही. दोन सुरांची शिटी ऐकली, ओरडणारा पक्षी दिसला नाही."

दुर्बीण

"बहुतेक" मी काढला असता. पण नोंद तुमची आहे, आणि तळ्याकाठी यांचं बोटाबद्दलचं म्हणणं मी खोडू शकलेलो नाही. राहू द्या.

केतकी_पान

राहू देते, काका. आता दुसरा पक्षी. मागच्या वर्षी जानेवारीत मी असाच एक "बेसरा" नोंदवला होता. हा प्रौढ आहे. एकच फोटो, तोही झाडाखालून वर बघत काढलेला. रेघ जाड आणि काळी, मान सरळ आहे, सावलीही नाही. छातीच्या वरच्या भागावर मधोमध तांबूस उभे फराटे आणि पोटावर रुंद तांबूस आडवे पट्टे. शेपटी फक्त खालून. पंखांची टोकं दिसत नाहीत. जोडलाय.

तळ्याकाठी

हा वेगळा आहे! प्रौढ शिक्र्याच्या छातीवर बारीक, दाट आडवे पट्टे असतात, गळ्यापासून पोटापर्यंत सारखेच विणलेले. वर मधोमध उभे फराटे आणि खाली रुंद आडवे, ही बेसऱ्याची ठेवण. इथे मान सरळ असूनही रेघ जाड आहे. मी याला बेसरा म्हणेन.

दुर्बीण

मलाही पहिल्या नजरेत तसंच वाटलं. पण छातीच्या वरच्या भागावर पानाची एक कड आडवी आली आहे आणि फराटे नेमके तिथेच आहेत. शिवाय वर्षभराचा शिक्रा पिसं बदलत असताना त्याच्या छातीवर जुने उभे ठिपके आणि नवे आडवे पट्टे एकत्र दिसतात, मग वर उभं आणि खाली आडवं असं चित्र तयार होऊ शकतं. दोन्हीत फरक रंगाचा: जुवेनाईलचे उरलेले ठिपके तपकिरी, नवे पट्टे तांबूस. पानाच्या हिरव्या उजेडात मला फराट्यांचा रंग ठरवता येत नाही. केतकीताई, याची मूळ फाइल आहे का? रंग न सुधारलेली?

केतकी_पान

जुन्या डिस्कवर असेल. त्या दिवशी दोन-तीन फोटो खराब म्हणून बाजूला टाकले होते, तेही सापडले तर चढवते. एकात पक्षी अर्धा वळलेला होता, पाठ दिसत असावी असं आठवतंय.

तळ्याकाठी

तो अर्धा वळलेला आधी शोध. कितीही धूसर असला तरी चालेल, शेपटी वरून दिसली पाहिजे.